संघाची वही आणि आत्तीचे चिंचोके

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, बेळगाव जिल्हा. आईच्या ट्रंकेतल्या जुन्या साड्या काढताना तळाशी एक लांबट वही निघाली. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. आत कानडीत छापलेले रकाने आणि त्यात माझं एकोणीस वर्षांच्या वयातलं मराठी अक्षर. ती आमच्या गावातल्या बायकांच्या संघाची वही होती. महाराष्ट्रात याला बचत गट म्हणतात. आमच्याकडे कर्नाटकात सगळे संघच म्हणतात.

त्या वहीत एक चूक आहे. ती मी केली होती. चौदा महिने ती कुणाला सापडली नाही, आणि शेवटी सापडली ती एका अक्षरशत्रू बाईला. ती हकिकत आज लिहून ठेवते, कारण संघाचं व्याज म्हणजे काय, ते कुणाकडून कुणाकडे जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

आधी थोडं मागं जाते. संघ यायच्या आधी गावात बायकांची भिशी होती. ती सगळ्यांना माहीत आहे. सोळा जणींनी पन्नास पन्नास रुपये काढले की आठशे जमतात, चिठ्ठी निघेल तिनं ते न्यायचे, सोळा महिन्यांत सगळ्यांची पाळी येऊन जायची. भिशीत हिशेब सोपा असतो, कारण त्यात काही साठत नाही. आज जमलं ते आजच गेलं. पण पोराला ताप आला आणि चिठ्ठी दुसरीचीच निघाली, तर भिशीचा काही उपयोग नाही. मग सावकाराकडं जायचं, कानातलं ठेवायचं आणि शेकडा पाचनं पैसे आणायचे. शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये.

संघाची युक्ती वेगळी होती. दर महिन्याला सगळ्यांनी बचत भरायची, ती वाटून टाकायची नाही. साठलेल्या पैशातून जिला गरज आहे तिला कर्ज द्यायचं. तिनं व्याजासकट हप्त्यानं फेडायचं आणि ते व्याज संघातच राहायचं. ही पद्धत आपल्याच कर्नाटकात रुजली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मायराडा या संस्थेनं दक्षिण कर्नाटकात मोठ्या, मोडत चाललेल्या सहकारी संस्थांतले लोक लहान लहान गटांत बसवायला सुरुवात केली. एकमेकांवर विश्वास असलेल्यांनी आपापला गट करायचा. १९८७ मध्ये नाबार्डनं त्यांना या कामासाठी पैसे दिले. पुढे १९९२ मध्ये नाबार्डनं देशभरात पाचशे गट बँकांना जोडायचा प्रयोग केला. १९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा नोंदणी नसलेल्या गटांच्या नावानंही बचत खातं उघडायला परवानगी दिली.

संघात वीसच्या वर बायका का घेत नाहीत, असं बऱ्याच जणी विचारायच्या. आम्हाला वाटायचं, जास्त झाल्या की भांडणं होतात म्हणून. ते तर खरंच. पण मूळ कारण कायद्यातलं होतं. जुन्या कंपनी कायद्याप्रमाणे वीसपेक्षा जास्त माणसांनी मिळून नफ्याचा व्यवहार केला तर नोंदणी सक्तीची व्हायची. वीसच्या आत राहिलं की गट बिननोंदणीचा चालायचा.

२००० साली कर्नाटक सरकारनं स्त्रीशक्ती योजना काढली आणि गावोगावच्या अंगणवाडीताईंवर संघ जमवायचं काम आलं. आमच्या ताईंनी सप्टेंबर २००१ मध्ये सोळा बायका जमवल्या. बहुतेक संघ आठवड्याला बसायचे. आमच्या बायका भातातल्या. लावणी आणि कापणीला दर आठवड्याला कोण येणार? म्हणून आमची सभा महिन्याला ठरली, मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर. बचत महिन्याला ५० रुपये, कर्जावर व्याज महिन्याला शेकडा दोन. हे दर कुणी वरून ठरवून दिले नव्हते. बायकांनीच बसून ठरवले. सावकार पाच घेतो, आपण दोन घेऊ, असा सरळ विचार.

आता वही कोण लिहिणार? सोळांतल्या सहा जणींना सही येत होती, पण हिशेब लिहिण्याइतकं येणारी एकही नव्हती. माझी बारावी नुकतीच झाली होती, कॉलेज बेळगावला, आणि आई संघात होती. म्हणून मी.

वह्या आल्या त्या कानडी छापाच्या. वर उळिताय, साल, बड्डी असे रकाने. उळिताय म्हणजे बचत, साल म्हणजे कर्ज, बड्डी म्हणजे व्याज. मी शाळेत कानडी शिकले होते, बायकांना बोलण्यापुरतं बाजारातलं येत होतं. मी प्रत्येक रकान्यावर पेन्सिलीनं मराठी लिहून ठेवलं, ते अजून दिसतं. एकदा बाहेरून एक बाई संघ बघायला आल्या आणि त्यांनी आत्तीला कानडीत विचारलं, "निम्म साल एष्टु?" म्हणजे तुमचं कर्ज किती. आत्तीला मराठी कानांनी ऐकू आलं ते निम्मं साल. ती म्हणाली, "निम्मं कशाला, मी सालभर हाय की संघात!" देवळात सगळ्या पोट धरून हसल्या. ही आत्ती लक्षात ठेवा. गोष्ट तिचीच आहे. सगळ्या गावाची ती आत्ती, नवरा गेलेला, मुलगा गोव्याला कामाला, घर एका बाजूनं कललेलं.

सभा कशी चालायची ते सांगते. गोल बसायचं. मध्ये पत्र्याची पेटी. आधी हजेरी, उशिरा आली तर दोन रुपये दंड. मग एकेकीनं पन्नासची नोट किंवा सुटे पैसे पेटीपुढे ठेवायचे, मी मोठ्यानं नाव घेऊन वहीत लिहायचे आणि तिच्या छोट्या पासबुकातही लिहायचे. मग ज्यांचं कर्ज आहे त्यांचे हप्ते. मग नवीन कर्जाची मागणी: कुणाला, कशाला, किती, किती हप्त्यांत. सगळ्यांचं मत झालं की ठराव, त्याखाली सह्या आणि अंगठे. शेवटी पेटीतली रोकड मोजायची, थोडी ठेवून बाकी दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची.

बचत मी प्रत्येकीची मोठ्यानं वाचायचे. कर्जाचं मात्र वाचायचे नाही. कुणाचं किती देणं राहिलंय हे चारचौघींत कसं वाचायचं, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं. ज्यांचं कर्ज होतं त्या हप्ता हळूच माझ्या हातात द्यायच्या, मी हळूच लिहायचे. आम्हाला ती सभ्यता वाटत होती. चूक चौदा महिने टिकली ती या सभ्यतेमुळे.

एप्रिल २००२ मध्ये आत्तीनं ३,००० रुपये कर्ज मागितलं. पावसाच्या आधी घर शाकारायचं होतं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनच्या आत कौलं बसली नाहीत तर भिंत जाते. तोवर आठ महिन्यांची बचत झाली होती, ६,४०० रुपये. दोन जुनी कर्जं चालू होती, तरी पैसे पुरत होते. ठराव झाला: ३,००० रुपये, दहा हप्ते, महिन्याला ३०० मुद्दल आणि वर व्याज.

मी हिशेब केला. ३,००० ला शेकडा दोन म्हणजे ६० रुपये. ३०० आणि ६०, एकूण ३६०. पासबुकाच्या पानावर दहाही महिन्यांपुढे ३६० लिहून टाकले. आत्तीला सांगितलं, दर महिन्याला तीनशे साठ आण. लक्षात ठेवायलाही सोपं.

चूक कुठं झाली हे काही जणांना एव्हाना दिसलं असेल. मला दिसलं नाही, कारण मी लहानपणापासून व्याज पाहिलं होतं ते सावकाराचं. सावकाराचे पैसे सुगीपर्यंत पूर्णच्या पूर्ण आपल्याकडं असतात. भात विकलं की मुद्दल एकदम द्यायचं. तोवर दर महिन्याला सगळ्या रकमेवर व्याज द्यायचं. दर जबर असेल, पण ती रीत बरोबर आहे, कारण सगळी रक्कम खरंच आपल्याकडं आहे. संघात मात्र मुद्दल दर महिन्याला थोडं थोडं परत येतं. दुसऱ्या महिन्यात आत्तीकडं ३,००० नव्हते, २,७०० होते. तिसऱ्यात २,४००. तरी मी तीन हजारांचंच व्याज घेत राहिले. सावकाराची रीत मी हप्त्याच्या कर्जाला लावली.

नोव्हेंबरच्या सभेत आत्ती सातवा हप्ता घेऊन आली. आल्यावर पैसे माझ्या हातात दिले नाहीत. कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून दोन पुरचुंड्या काढून ओसरीवर मोकळ्या केल्या. आत चिंचोके. एका बाजूला मोठा ढीग, दुसऱ्या बाजूला लहान.

"पोरी, ह्ये बघ. तीन हजार आणलो तवा तीस चिंचोके मोजून ठेवलो हुतो. शंभराला एक. म्हैन्याला तीन इकडचं तिकडं टाकतो. अठरा गेले, बारा ऱ्हायले. मग तू तीसाचं व्याज कशाला घेतालीस?"

मी म्हटलं, "आत्ती, व्याज ठरलेलं असतंय. शेकडा दोन."

"शेकडा दोनच दे की मग. बारा शेकडं हाईत. बारा दुणे चोवीस. साठ कशाचं?"

मला उत्तर आलं नाही. कानशिलं तापली एवढं आठवतं. अंगणवाडीताई पुढे आल्या, पासबुक घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, उरलेल्या रकमेवर काढायचं असतं व्याज. आम्हाला ट्रेनिंगला सांगितलंय. मला वाटलं तुला माहीत असेल." मला वाटत होतं त्या बघतात. त्यांना वाटत होतं मी जाणते.

तिथंच बसून आम्ही आत्तीचा हिशेब नव्यानं मांडला. पहिल्या महिन्याचं व्याज ६०, मग ५४, ४८, ४२, ३६, ३०. सहा महिन्यांचे खरे २७० रुपये. मी घेतले होते ३६०. म्हणजे ९० जास्त. असंच दहा महिने चाललं असतं तर ३३० च्या जागी ६०० गेले असते. तोंडानं आम्ही शेकडा दोन म्हणत होतो. पण दर महिन्याला तिच्याकडं खरोखर असलेल्या पैशावर हिशेब केला तर ते शेकडा साडेतीनच्याही वर पडत होतं. सावकाराच्या पाचपासून फार लांब नव्हतो आम्ही.

मग बाकीची कर्जं काढली. आत्तीशिवाय तीन जणींची कर्जं फिटून गेली होती. पंधराशेचं दहा हप्त्यांचं, सोळाशेचं आठ हप्त्यांचं, हजाराचं पाच हप्त्यांचं. पहिलीकडून १३५ रुपये जास्त आले होते, दुसरीकडून ११२, तिसरीकडून ४०. आत्तीचे ९० धरून सगळे ३७७ रुपये. संघानं एकूण व्याज घेतलं होतं १,०१६. खरं निघत होतं ६३९. त्या काळात आमच्याकडं बाईची दिवसाची मजुरी पन्नासच्या आतच होती, त्यावरून ३७७ म्हणजे किती ते समजा.

तुम्ही म्हणाल, एवढी चूक आणि हिशेब जुळत कसा होता? मंडळी, हिशेब जुळतच होता. पै न् पै. ऑक्टोबरअखेरची जुळणी त्याच वहीत आहे, ती मांडते. चौदा महिन्यांची सोळा जणींची बचत ११,२००. व्याज १,०१६. दंड ४०. एकूण १२,२५६. त्यातून वह्या, शिक्का, बँकेला जायचं बसभाडं असा खर्च १५६ गेला, राहिले १२,१००. हा झाला संघाचा पैसा. आता तो आहे कुठं? बायकांकडं कर्ज ७,७००: आत्तीचे १,२०० आणि त्याच महिन्यात दिलेली दोन नवी कर्जं. बँकेत ४,०००. पेटीत ४००. बेरीज १२,१००. दोन्ही बाजू सारख्या.

ही जुळणी अजूनही प्रत्येक गटानं करायला हवी. एकीकडे पैसा आला कुठून, दुसरीकडे तो आज आहे कुठं. पेटीतले पैसे कुणी वापरले, पासबुकात हप्ता लिहिला आणि मोठ्या वहीत राहिला, कुणाचं कर्ज लिहायचंच विसरलं, तर या जुळणीत फरक दिसतो. पण आमची चूक तिला दिसणं शक्यच नव्हतं. मी जास्त व्याज घेतलं, जास्तच लिहिलं आणि तेवढेच पैसे पेटीत टाकले. वही, पेटी आणि बँक एकमेकांशी खरं बोलत होत्या. खोटं होतं ते फक्त आत्तीशी झालेल्या बोलीच्या बाबतीत. जुळणी पेटीची चोरी पकडते. व्याज बरोबर आहे का, हे ज्याचं कर्ज आहे त्यानंच ऐकून तपासायचं असतं. आणि आम्ही तर कर्जाचा रकाना मोठ्यानं वाचतच नव्हतो.

आता खरी पंचाईत पुढे आली. ३७७ रुपये परत करायचे का?

मला वाटलं होतं, यात काय विचारायचं. पण सभेत तसं झालं नाही. एक जण म्हणाली, "पैसे बाहेर कुठं गेलेत? संघातच हाईत न्हवं. आपलेच हाईत सगळ्यांचे." दुसरी म्हणाली, फिटलेलं कर्ज परत उकरायचं नाही. आणि माझी आई म्हणाली, "वहीत लिहिलंय ते लिहिलंय. सगळ्यांना एकच नियम लावलाय, माझ्या पोरीनं कुणाचं खाल्लं नाही." त्यावर कोपऱ्यातून आवाज आला, "तुला काय गे, तू कर्ज काढलीस काय कधी?"

देवळात शांतता झाली.

कारण ते खरं होतं. सोळांतल्या चौघींनीच तोवर व्याज भरलं होतं. बाकी बारा जणींनी एक रुपयाही व्याज दिलं नव्हतं, त्यात माझी आई. आमच्या घरी बाबांची पगाराची नोकरी होती, आईला कर्ज लागत नव्हतं. पण संघाचं व्याज शेवटी बचतीच्या मालकिणींचं होतं, आणि बचत सगळ्यांची सारखी होती. म्हणजे जास्त घेतलेल्या ३७७ रुपयांत प्रत्येकीचा वाटा साडेतेवीस रुपयांचा. कर्ज न काढलेल्या बारा जणींच्या वाट्याला त्यातले २८२ रुपये ७५ पैसे जाणार होते. व्याज कुठल्या सावकाराच्या घरी जात नव्हतं, हे बरोबर. ते आत्तीच्या कललेल्या घरातून आमच्या पगाराच्या घरात येत होतं.

हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. आपलेच पैसे आपल्यातच फिरतात, असं आपण बचत गटाबद्दल फार सहज बोलतो. पण सगळ्या बायका सारखं कर्ज काढत नाहीत. जिची अडचण मोठी ती जास्त काढते, जास्त व्याज भरते. जिचं बरं चाललंय ती नुसती बचत भरते आणि तिची बचत वाढत जाते. बरोबर दरानं व्याज घेतलं तर त्यात वावगं काही नाही. बचत करणारीनं आपले पैसे दुसरीला वापरायला दिलेत, तिला थोडं मिळायलाच हवं. पण जास्त व्याज घेण्याची चूक संघात एकाच दिशेला जाते, गरजूकडून बऱ्यापैकी असलेल्याकडं. आणि सभेत जास्त हात बऱ्यापैकी असलेल्यांचेच असतात.

मतं घेतली असती तर कदाचित परत करायचं नाही असंच ठरलं असतं. पण आत्ती बोलली. ओरडली नाही. म्हणाली, "व्हय, नियम सगळ्यांना एकच. मग नियम शेकडा दोनचाच हाय न्हवं? तेवढाच लावा." एवढंच. आईनं माझ्याकडं बघितलं, मग वहीकडं, आणि म्हणाली, "लिही गे. परत द्यायचे."

कसं परत दिलं तेही सांगते. आत्तीचे चार हप्ते राहिले होते. त्यांचं व्याज व्हायचं २४, १८, १२ आणि ६, एकूण ६०. तिचे ९० आमच्याकडं जास्त होते. म्हणजे पुढचं सगळं व्याज तिनं आधीच भरलेलं होतं, वर ३० रुपये उरत होते. ठराव झाला की तिनं आता फक्त ३०० मुद्दल भरायचं आणि ३० रुपये तिच्या बचतीत जमा. बाकी तिघींचे पैसेही रोख न देता त्यांच्या बचतीत जमा केले. ताईंनी मला बजावलं, जुना आकडा खोडायचा नाही, पान फाडायचं नाही. जुनं तसंच ठेवून नव्या पानावर कारण लिहायचं, रक्कम लिहायची आणि खाली सोळा सह्या-अंगठे घ्यायचे. ते पान आज माझ्यासमोर आहे. अंगठ्याची शाई फिकी झालीय, पण आत्तीचा अंगठा ओळखू येतो. खुरप्यानं कापलेली आडवी रेघ आहे त्यावर.

त्या दिवसापासून दुसराही ठराव झाला. कर्जाचा रकाना मोठ्यानं वाचायचा. प्रत्येकीचे तीनच आकडे: मुद्दल किती राहिलं, त्यावर व्याज किती, आज एकूण किती. पहिल्या दोन सभांना बायका संकोचल्या, पदर तोंडाला लावायच्या. मग सवय झाली. वाचायला लागल्यावर आणखी एक गोष्ट झाली. कुणाचा हप्ता चुकला तर सगळ्यांना कळायचं, आणि ओरडण्याआधी कुणीतरी विचारायचं, काय झालं गे, पोर आजारी हाय काय? एकदा एकीनं तीन महिने हप्ता भरला नाही तेव्हा सभेतच तिचे हप्ते लहान करून दिले. पूर्वी मी ते गुपचूप लिहिलं असतं आणि ती लाजेनं यायची बंद झाली असती.

पुढच्या वर्षी बँकेचं कर्ज मिळालं. त्या काळी गटाला बचतीच्या एकपट ते चौपट कर्ज द्यायची रीत होती. बँकेतल्या साहेबांनी संघाची बचत किती हे विचारायच्या आधी वही मागितली. पानं उलटत त्या दुरुस्तीच्या पानावर थांबले. मला घाम फुटला. त्यांनी सगळं वाचलं, अंगठे मोजले आणि म्हणाले, "ज्या वहीत एकही चूक नसते, ती मी जरा जास्त वेळ बघतो." एका रात्रीत, एकाच पेनानं, एकाच अक्षरात वर्षभराची लिहिलेली वही त्यांना लगेच ओळखू यायची. आमची वही मळलेली होती, तीन रंगांची शाई होती, हळदीचे डाग होते. कर्ज मंजूर झालं.

नंतर माझं लग्न झालं, वही दुसऱ्या मुलीकडं गेली. संघ पुढे बरीच वर्षं चालला. आत्तीनं आणखी तीन कर्जं काढली आणि फेडली, दर वेळी चिंचोके मोजून. आता ती नाही.

सध्या आमच्या भागात घरोघरी येऊन कर्ज देणाऱ्या कंपन्या भरपूर झाल्यात. गावी गेले तेव्हा शेजारची एक सून पासबुक घेऊन आली, बघ गं ताई जरा, म्हणून. दर आठवड्याला सारखा हप्ता. मी तिला एकच गोष्ट विचारायला सांगितली: व्याज मूळ रकमेवर लावता की राहिलेल्या रकमेवर? हप्ता दर वेळी सारखा आहे एवढ्यावरून ते कळत नाही. राहिलेल्या रकमेवर व्याज लावूनही सारखा हप्ता बांधता येतो. म्हणून प्रत्येक हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगवेगळं लिहून मागायचं. व्याजाचा आकडा खाली खाली उतरत गेला पाहिजे. पहिल्या आणि शेवटच्या हप्त्यातलं व्याज सारखंच असेल, तर चिंचोके काढून बसायची वेळ झाली.

तुमच्याकडं, गोव्यात, इंदूरला, हैदराबादला, कुणाच्या आईच्या ट्रंकेत अशा वह्या असतील तर रद्दीत घालू नका. एखादं पान उघडून कर्जाचा रकाना वाचा, मोठ्यानं. आणि तुमच्या गटात व्याज कसं धरायचे, ते खाली जरूर लिहा.